चार मिनिटांचे हृदय
परीक्षेसाठी आकृती सोपी कशी करावी, याचा एक पाठ

वसतिगृहातील रात्रीच्या अभ्यासिकेत घडलेला एक प्रसंग या लेखाला निमित्त झाला. एक विद्यार्थी मानवी हृदयाची आकृती काढीत बसला होता. पुस्तकातील रंगीत चित्र समोर ठेवून त्याने हृदयावरील बारीक रक्तवाहिन्यांचे जाळेही उतरविले आणि पेन्सिलीने छटा दिल्या. चित्र सुंदर झाले, परंतु पंचवीस मिनिटे गेली. ते पाहून मी एकच प्रश्न विचारला, "फुफ्फुसाकडे जाणारे रक्त यातील कोणत्या कप्प्यातून निघते?" त्याने उजव्या अलिंदावर बोट ठेवले. चित्र पुस्तकासारखे होते, पण त्यातील रक्त चुकीच्या वाटेने चालले होते.

पुस्तकातील आकृती समजावून देण्यासाठी असते, तर उत्तरपत्रिकेतील आकृती समजल्याचा पुरावा म्हणून असते. म्हणून आकृती सोपी करताना 'काय काढणे अवघड आहे?' असे न विचारता 'प्रश्नाला काय हवे आहे?' असे विचारावे. 'हृदयाच्या अंतर्रचनेची नामनिर्देशित आकृती काढा' या प्रश्नाला रक्ताची वाट हवी असते. त्या वाटेवर चार कप्पे, पाच मोठ्या वाहिन्या, कप्प्यांमधील दोन झडपा आणि मधला पडदा एवढेच येते. नावे बाराच होतात. छटा, चरबीचा थर, हृदयाच्या पृष्ठभागावरील वाहिन्या ही वाट दाखवीत नाहीत, म्हणून त्या गाळाव्यात.

या विषयाच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे विल्यम हार्वे याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. त्या ग्रंथातील प्रसिद्ध चित्रे हृदयाची नाहीत. ती दंड बांधलेल्या हाताची आणि त्यावर फुगलेल्या शिरांची आहेत. शिरांतील झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, हे दाखविण्यास तेवढे पुरेसे होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आकृती आठ सेंटीमीटर उंच व सहा सेंटीमीटर रुंद घ्यावी आणि नावांसाठी दोन्ही बाजूंना जागा सोडावी. चित्रातील माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे समजावे. त्यामुळे हृदयाची उजवी बाजू कागदाच्या डाव्या हाताला येते. हे विसरू नये म्हणून सुरुवातीलाच कागदाच्या डाव्या कडेला अगदी पुसट 'उ' आणि उजव्या कडेला 'डा' लिहावे व शेवटी ते खोडून टाकावे.

पहिल्या पायरीत बाहेरची रेषा काढावी. आकार कैरीसारखा, टोक खाली आणि किंचित कागदाच्या उजवीकडे झुकलेले. वरची बाजू उघडी ठेवावी, कारण तेथून वाहिन्या निघणार आहेत.

दुसरी पायरी मधल्या पडद्याची. बहुतेक आकृत्या येथेच बिघडतात. विद्यार्थी पडदा थेट वरपासून खालपर्यंत ओढतो आणि मग दोन धमन्यांना जागाच उरत नाही. म्हणून वरच्या एक तृतीयांश उंचीत मधोमध सुमारे दोन सेंटीमीटरची पट्टी मोकळी सोडावी आणि पडदा तिच्या खालून सुरू करावा. तो टोकाच्या थोडा डावीकडे तळाला टेकवावा, कारण हृदयाचे टोक डाव्या निलयाचे असते.

तिसऱ्या पायरीत मोकळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक अलिंद काढावे. अलिंद आणि निलय यांच्यामधील आडव्या रेषेत फट ठेवून तिच्या दोन्ही कडांपासून निलयात लोंबणाऱ्या दोन पाकळ्या काढाव्यात. उजवीकडील झडपेला तीन दले असली तरी उभ्या छेदात दोनच दिसतात. नाव मात्र त्रिदल झडप असेच लिहावे. डावीकडे द्विदल झडप येते.

चौथी पायरी भिंतींची. आतून दुसरी रेषा काढून जाडी दाखवावी. उजव्या निलयाची भिंत तीन मिलिमीटर घेतली, तर डाव्या निलयाची नऊ मिलिमीटर घ्यावी. उजवे निलय रक्त जवळच्या फुफ्फुसांपर्यंत ढकलते, डावे निलय सर्व शरीरभर. जाडीतील हा फरक आकृतीत दिसलाच पाहिजे.

पाचव्या पायरीत वाहिन्या काढाव्यात. प्रथम फुफ्फुसधमनी, कारण ती पुढे असते. ती उजव्या निलयातून, पडद्याला लागून निघते, मोकळ्या पट्टीतून वर कागदाच्या उजवीकडे झुकते आणि दोन फाट्यांत विभागते. नंतर डाव्या निलयातून निघणारी महाधमनी काढावी. ती फुफ्फुसधमनीच्या मागून जाते, म्हणून जेथे दोन्ही एकमेकींना ओलांडतात तेथे महाधमनीची रेषा तोडावी. पलीकडे ती पुन्हा सुरू करून, फाट्यांच्या वरून कमानीसारखी कागदाच्या उजवीकडे वळवावी. मग उजव्या अलिंदात वरून ऊर्ध्व महाशिरा व खालून अधोमहाशिरा जोडावी. फुफ्फुसशिरा चार असतात, पण डाव्या अलिंदाच्या बाहेरील बाजूच्या दोन दाखविल्या तरी आपले काम होते.

नावे लिहिण्याचा क्रम रक्ताच्या वाटेचाच ठेवावा. दोन महाशिरा, उजवे अलिंद, त्रिदल झडप, उजवे निलय, फुफ्फुसधमनी, नंतर फुफ्फुसशिरा, डावे अलिंद, द्विदल झडप, डावे निलय, महाधमनी, शेवटी पडदा. या क्रमाने गेल्यास एखादे नाव राहिले तर वाट तुटते आणि चूक लगेच ध्यानात येते. निर्देशरेषा पट्टीने, आडव्या, बाण न लावता ओढाव्यात. त्यांचे टोक त्या त्या भागाला टेकलेले असावे आणि एकही रेषा दुसरीला छेदू नये. बाण रक्तप्रवाहासाठी राखून ठेवावेत.

आकृती बरोबर आहे की नाही, हे पुस्तक न उघडताही कळते. पेन्सिलीचे टोक महाशिरेत ठेवून, न उचलता आणि कोणतीही भिंत न ओलांडता फुफ्फुसधमनीतून बाहेर यावे. मग फुफ्फुसशिरेतून आत शिरून महाधमनीतून बाहेर पडावे. दोन प्रवासांच्या मध्ये पेन्सिल उचलावीच लागते, कारण फुफ्फुसे चित्राबाहेर आहेत. ती न उचलता उजवीकडून डावीकडे जाता आले, तर पडद्यात फट राहिली आहे. पालक ज्याला 'हृदयाला छिद्र असणे' म्हणतात, तसे आजारी हृदय आपण काढले आहे असे समजावे.

या आकृतीला मर्यादाही आहे. हृदयाची बाह्यरचना विचारल्यास ती उपयोगाची नाही. तेथे गाळलेल्या पृष्ठभागावरील वाहिन्याच मुख्य ठरतात. प्रश्न बदलला की काय ठेवायचे व काय गाळायचे, हे पुन्हा ठरवावे लागते.

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी ही आकृती पुस्तक मिटून काढली. पहिल्यांदा नऊ मिनिटे लागली आणि महाधमनी उजव्या निलयातून निघाली. पेन्सिल फिरविताना त्याची त्यालाच ती चूक सापडली. त्याने संपूर्ण आकृती पुन्हा काढली नाही, फक्त पाचवी पायरी तीनदा केली. आठवड्याअखेर तो चार मिनिटांवर आला. चित्र पहिल्याइतके देखणे नव्हते, परंतु "फुफ्फुसाकडे रक्त कोठून जाते?" असे विचारताच त्याचे बोट न अडखळता उजव्या निलयावर गेले.