पत्र पाठवण्याआधी जरा बोलू या

अगं, संपादकांना लिहिलेल्या पत्राचा मसुदा दोनदा वाचला. संध्याकाळी आईला लागणारी ढास आणि खिडक्या लावूनही घरात येणारा धूर, हे तू अगदी नेमकं लिहिलं आहेस. तो भाग तसाच ठेव. बाकीच्याविषयी मात्र थोडं मनातलं सांगते.

पहिली गोष्ट आकड्याची. "एक्यूआय १८० होता, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट" असं तू लिहिलंस. एक्यूआय हा निर्देशांक आहे, मायक्रोग्रॅम नव्हेत. पीएम २.५ या बारीक कणांची आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि तिथे एक्यूआय १०० येतो. एक्यूआय २०० म्हणजे ९० मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने तुझे १८० म्हणजे साधारण ८४, मर्यादेच्या दीडपटीलाही थोडे कमी. तेवढंही वाईटच आहे गं, पण तिप्पट छापून आलं की कोणीतरी जाणकार दुसऱ्या दिवशी तेवढंच खोडून काढेल आणि धुराचा मुद्दा बाजूला पडेल. शिवाय तो आकडा चोवीस तासांची सरासरी असतो आणि हवा मोजणारं केंद्र तुमच्यापासून कितीतरी लांब. संध्याकाळी सात ते नऊ तुमच्या गल्लीत जे साचतं ते त्यात पुरतं उतरतच नाही. म्हणून तू तारीख, वेळ, जागा लिही आणि काय जळत होतं तेही लिही. थंडीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार होऊन तिथेच बसते, धूर वर जात नाही. त्यात झाडून गोळा केलेला पाला ओलसर असला की तो पेटत नाही, नुसता धुमसतो आणि धूर जास्त सोडतो. हे दोन वाक्यांत सांगितलंस तर आकड्याची गरजच उरणार नाही.

दुसरं, दिल्लीचा आणि पंजाबातल्या पराळीचा परिच्छेद काढून टाक. तुमच्या मागच्या रानात भात नाही, ऊस आहे, आणि जळतं ते पाचट. तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट पडतं. खोडव्याला पाणी द्यायचं तर ते सरीत अडतं, उंदीर-सापांची भीती असते, माणसं मिळत नाहीत. म्हणून काडी लावली जाते. शेतकऱ्याला "बेजबाबदार" म्हणून तो थांबणार नाही. त्याला त्याच्या भाषेत हिशेब सांग. पाचटात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात. साडेतीन टनांत झालं साडेसतरा किलो, म्हणजे जवळपास अडतीस किलो युरियातलं नत्र. युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची असते, हे त्याला ठाऊकच आहे. काडी लावली की यातलं बहुतेक नत्र हवेत जातं. पालाश तेवढं राखेत उरतं.

मात्र "पाचट नुसतं पसरा" असं लिहू नकोस. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढून घ्यावं लागतं, बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, आणि पाचटावर एकरी तीसेक किलो युरिया, चाळीस किलो सुपर फॉस्फेट आणि चार किलो कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावं लागतं. युरिया टाळला तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. असं एकदा झालं की तो शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा काडीच लावतो. पहिलं पाणी सरीतून हळू सरकतं हेही खरं, ते लपवू नकोस. आणि हे सगळं पत्रात मावणार नाही. मागणी एकच ठेव: तोडणीच्या हंगामात साखर कारखान्याने गटागटाने पाचट कुट्टी यंत्र आणि जिवाणू पुरवावेत.

आता सोसायटीचं. तिथे हळवी होऊ नकोस. माळी रोज सकाळी आंब्याचा पाला पेटवतो, तो कमिटीने सांगितलं म्हणून. उघड्यावर कचरा जाळल्यास साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. तो नावानिशी लिही. बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा, हे घनकचऱ्याच्या नियमांतही आहे. शेतकऱ्यापुढे अडचण आहे. कमिटीपुढे कोपऱ्यात एक खड्डा किंवा जाळीचा पिंजरा करण्यापलीकडे काही नाही. म्हणून दोघांना एकाच वाक्यात बसवू नकोस.

पत्र दीडशे-दोनशे शब्दांचं कर, नाहीतर ते कापतात आणि नेमकं मागणीचं वाक्य जातं. म्हणून मागणी दुसऱ्या परिच्छेदातच घाल. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन दे. नाव छापायचं नसेल तर तशी विनंती स्वतंत्र ओळीत कर. कमिटीतल्या कोणाचं नाव घालू नकोस. आणि हंगाम संपायच्या आत पाठव, मार्चनंतर ते कोणी छापणार नाही.