दातांच्या नावावर खपणारा ताप

धाकट्या बहिणीचा मुलगा आठ महिन्यांचा असताना आमच्याकडे आजोळी आला होता. खालच्या हिरडीवर पांढरट रेघ दिसत होती, लाळेने झबलं सतत ओलं असायचं, हाताला लागेल ते तो चावायचा. मग जुलाब लागले, अंगही तापलं. थर्मामीटरवर 101 ताप. आई म्हणाली, "दात येतायत ना, पोट बिघडायचंच. तुम्हा सगळ्यांना असंच झालं होतं." शेजारच्या काकूंनी दुजोरा दिला आणि सगळे निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण म्हणाली, "ताई, सकाळपासून याने शू केलेली दिसत नाही गं." तो रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी टाळूवर हात ठेवून पाहिलं, ती खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच सपाट न होता हळूहळू बसली. अंगातलं पाणी कमी झाल्याची ही खूण. वजन आठ किलो, म्हणून पहिल्या चार तासांत सुमारे 600 मिली ओआरएस द्यायचं ठरलं, तेही दवाखान्यातच, त्यांच्या नजरेखाली. बहीण एकेक चमचा पाजत राहिली. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सावकाश सुरू करायचं. अंगावरचं दूध चालूच ठेवलं. संध्याकाळी त्याने शू केली, तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं. घरी प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, असं सांगितलं होतं.

जुलाब दातांमुळे नव्हते, जंतुसंसर्गाचे होते. मग हा समज घराघरांत इतका पक्का का? कारण दोन्हींची वेळ एकच असते. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात येतो. त्याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगू लागतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. आजार होतो तो यामुळे, आणि नाव लागतं दातांचं. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, पण ताप 100.4 किंवा त्याहून जास्त असेल, पातळ जुलाब किंवा उलट्या होत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर दातांचं नाव न घेता डॉक्टरांकडे जा. सहा-आठ तास शू झाली नसेल तर उद्याची वाट पाहू नका.

खऱ्या दातदुखीला फारसं काही लागत नाही. हात साबणाने धुऊन, नखं कापलेल्या बोटाने हिरडीवर हलका दाब देत चोळलं की बाळ बऱ्याचदा शांत होतं. स्वच्छ सुती फडकं ओलं करून फ्रिजमध्ये ठेवा आणि आपल्या देखत चावायला द्या. रबरी रिंगही चालते, फक्त फ्रीजरमध्ये ठेवू नका, कारण दगडासारखी गोठलेली वस्तू हिरडीला इजा करते. आत पाणी भरलेली रिंग नकोच, ती फुटते. लाळेने हनुवटीवर पुरळ येतं, म्हणून लाळ घासून नव्हे तर टिपून घ्या.

आपल्याकडे चघळायला खारीक देतात. तिचा मऊ झालेला तुकडा तुटून घशात अडकू शकतो. टाकणखार मधात कालवून हिरडीला लावण्याची रीत तर सरळ बंद करा. एक वर्षाच्या आत मध दिल्यास बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि टाकणखार पोटात जाऊन बाळांना झटके आलेले आहेत. दुकानात सहज मिळणारी बधिर करणारी जेलही नकोत. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी ती न वापरण्याचा इशारा दिला. लिग्नोकेन जास्त गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात. बाळ फारच बेजार असेल तर पॅरासिटामॉल चालतं, पण वजनावरून ठरवलेल्या मापात. थेंबांचं औषध सिरपपेक्षा बरंच तीव्र असतं, म्हणून एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.

वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं, असंही म्हणतात. दातांचा क्रम मुलागणिक थोडा बदलतो, मामाचा त्याच्याशी काही संबंध नाही. उशिरा दात म्हणजे कॅल्शियम कमी, हाही असाच समज. चौथ्या महिन्यापासून वर्षापर्यंत केव्हाही पहिला दात येऊ शकतो, आणि उशीर बहुधा घराण्यातूनच आलेला असतो. कॅल्शियमची बाटली आणण्याऐवजी पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास दातांच्या डॉक्टरांना एकदा तोंड दाखवून घ्या.