फोटोखाली कोणते नाव लिहाल?

विद्यार्थी मित्रांनो, जुन्या फोटोतील अनोळखी माणसाखाली अंदाजाने नाव लिहावे का? छायाचित्रांच्या आधीच्या काळातील एका चित्राची गोष्ट पाहा. इब्राहिमखानाचे चित्र अनेक वर्षे शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात असे. खाली ठसठशीत नाव होते, मग शंका कोण घेणार? इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे खरे चित्र लोकांपुढे आणले, तेव्हा ही चूक सर्वांना कळली. 'अज्ञात' या शब्दाने जागा रिकामी राहते, पण शोध चालू राहतो. चुकीच्या नावाने मात्र दोघांची ओळख पुसली जाते आणि शोधही थांबतो. म्हणून खात्री नसेल तेथे प्रश्नचिन्ह काढा. नाव ऐकीव असेल, तर ते कोणी सांगितले हेही लिहा.