घाण्याचा हिशेब : विषम उत्पन्न व निव्वळ वर्तमान मूल्य

चक्रवाढ व्याजाची उदाहरणे आपण वर्गात सोडवतो. आज शंभर रुपये दरसाल दर शेकडा 10 दराने ठेवले, तर वर्षाने 110 होतात आणि दोन वर्षांनी 121. हाच रस्ता उलट चालून पाहू. दोन वर्षांनी हाती येणाऱ्या 121 रुपयांची आजची किंमत 100 रुपये. उद्याच्या पैशाच्या ह्या आजच्या किमतीस वर्तमान मूल्य म्हणतात. ते काढण्यासाठी एका वर्षाने येणाऱ्या रकमेस 1.10 ने एकदा भागावे, दोन वर्षांनी येणाऱ्या रकमेस दोनदा, आणि असेच पुढे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गृहस्थांस खोबऱ्याचे तेल काढण्याचा विजेचा घाणा घालावयाचा आहे. खर्च आजच 3,00,000 रुपये. घाणा पाच वर्षे चालेल. खोबरे, वीज, मजुरी हे सारे वजा जाता प्रत्येक वर्षाच्या अखेरीस रोख उरते ती अशी : पहिल्या वर्षी गिऱ्हाईक थोडे, म्हणून 40,000, दुसऱ्या वर्षी 90,000, तिसऱ्या वर्षी मोटर बदलावी लागते, म्हणून 20,000, चौथ्या वर्षी 1,20,000, पाचव्या वर्षी, जुना घाणा विकून आलेले पैसे धरून, 1,30,000. बेरीज 4,00,000. लाखाचा नफा दिसतो!

परंतु ही बेरीज फसवी आहे, कारण पाचव्या वर्षाचा रुपया आणि आजचा रुपया तिने एकाच मापाने मोजले आहेत. तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या व्यवसायात गृहस्थांस शेकडा 10 मिळू शकतात, म्हणून तोच दर घेऊ. वर्षावर्षाची वर्तमान मूल्ये अनुक्रमे 36,364, 74,380, 15,026, 81,962 आणि 80,720 रुपये येतात. त्यांची बेरीज 2,88,452. तीतून आजचा खर्च वजा केला की उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य. येथे ते उणे 11,548 रुपये आहे.

नियम असा : निव्वळ वर्तमान मूल्य शून्याहून अधिक असेल तर योजना स्वीकारावी, उणे असेल तर सोडावी, नेमके शून्य आल्यास घेणे न घेणे सारखेच. नियम पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण पाहा. गृहस्थांनी 2,88,452 रुपये शेकडा 10 देणाऱ्या त्या दुसऱ्या व्यवसायात गुंतवले आणि घाण्याने दिल्या असत्या त्याच रकमा वर्षाच्या अखेरीस काढून घेतल्या, तर काय होईल? पहिल्या वर्षी रक्कम 3,17,297 होते. त्यातून 40,000 काढले की उरतात 2,77,297. असेच पुढे करीत गेल्यास पाचव्या वर्षी 1,30,000 काढताच शिल्लक संपते (एखाद्या रुपयाचा फरक पडेल, तो पूर्णांकांचा). वहीवर करून पाहावे. जे 2,88,452 रुपयांत मिळते, त्यासाठी 3,00,000 का मोजावे?

पुष्कळ जण येथे एक सोपी वाट धरतात. पाच वर्षांत 4,00,000, म्हणजे सरासरी दरसाल 80,000, असे म्हणून ते समान रकमांचाच हिशेब करतात. दरसाल 80,000 चे वर्तमान मूल्य पाच वर्षांसाठी 3,03,263 येते, आणि निव्वळ मूल्य अधिक 3,263. म्हणजे उत्तर उलटले; सोडावयाची योजना घेण्याजोगी ठरली! ह्या घाण्याचे मोठे उत्पन्न शेवटी येते आणि सरासरी ते पुढे ओढून आणते. मोठे उत्पन्न आरंभी आले असते, तर सरासरीने योजनेस उलट कमी लेखले असते. म्हणून उत्पन्न विषम असेल तेथे प्रत्येक वर्षाची रक्कम स्वतंत्रपणे भागावी. त्याला पर्याय नाही.

आणखी एक चूक कर्ज काढणाऱ्यांकडून होते. कर्जाच्या व्याजाचे हप्ते ते वार्षिक रोख रकमेतून वजा करतात, आणि मग पुन्हा 1.10 ने भागतात. पैशाचे मोल त्या भागाकारातच धरलेले असते. एकच खर्च दोनदा मोजला जातो आणि चांगली योजनाही उणे दिसू लागते.

राहिला दर. तोच घाणा शेकडा 8 ने मोजला, तर वर्तमान मूल्यांची बेरीज 3,06,754 होते आणि निव्वळ मूल्य अधिक 6,754. दोन टक्क्यांत नकाराचा होकार झाला. म्हणून दर आधी ठरवावा, मग भागाकार करावा. उत्तर शून्याच्या इतके जवळ आले, तर पुन्हा अंदाजांकडेच वळावे : मोटर खरोखर तिसऱ्याच वर्षी बदलावी लागेल काय, आणि पाचव्या वर्षी जुन्या घाण्यास गिऱ्हाईक किती देईल?