फोनवरच्या पुस्तकाला पान नसतं

कामामुळे मला पुणे-मुंबई बरंच करावं लागतं आणि माझं बहुतेक वाचन त्या गाडीत, फोनवर होतं. रात्री घरी तेच पुस्तक टॅबवर पुढे चालू. आई साताऱ्याला असते, ती तिच्या टॅबवर वाचते. तिचं अक्षर माझ्या दुप्पट. आम्हा दोघींच्या वाचनातून हाताशी आलेल्या या काही गोष्टी.

1. आधी फाइल ओळखावी

मराठीत फुकट मिळणारी बरीच ई-पुस्तकं पीडीएफ असतात. पीडीएफमध्ये ओळ कुठे मोडायची हे छापतानाच ठरलेलं असतं. अक्षर मोठं करायला जावं तर अख्खं पान मोठं होतं आणि प्रत्येक ओळीसाठी बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. ईपबचं तसं नाही. त्यात मजकूर एकीकडे आणि मांडणीच्या सूचना एकीकडे, त्यामुळे अक्षर बदललं की ओळी नव्याने जुळतात. फॉन्ट लहान-मोठा करायची सगळी मजा ईपबमध्ये किंवा त्याच्या जातीच्या फाइलमध्येच आहे.

पीडीएफचं ईपब करता येतं, पण मराठीत एक मेख आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकांत डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र भलतीच चिन्हं साठवलेली असतात. ओळखायची सोपी रीत: एक ओळ कॉपी करून स्वतःलाच मेसेजमध्ये चिकटवावी. मराठी उमटलं तर रूपांतर होईल. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उमटला तर आधी फॉन्ट कन्व्हर्टरमधून जावं लागेल. आणि ओळ निवडताच आली नाही, तर ते नुसते स्कॅन केलेले फोटो आहेत.

2. देवनागरीला ओळींमध्ये जागा द्यावी

अ‍ॅपच्या मूळ सेटिंगवर मराठी वाचणं मला जमत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ओळींतलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो, आणि काही अ‍ॅपमध्ये मात्रेचं टोक चक्क कापलं जातं. म्हणून अक्षराचा आकार ठरवण्याआधी मी ओळींतलं अंतर दोन घरं वाढवते. अंतर सुटसुटीत असलं की बऱ्याचदा अक्षर मोठं करायची गरजच उरत नाही.

दुसरं, दोन्ही कडा सरळ करणारी जुळणी बंद करावी. फोनच्या रुंदीत ओळीला चार-पाच शब्द मावतात. त्यात ‘विद्यापीठाच्या’सारखा लांबलचक शब्द पुढच्या ओळीत ढकलला गेला की उरलेल्या शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डावी कडा सरळ, उजवी मोकळी; डोळा अडखळत नाही.

फॉन्ट निवडताना मी ‘दुसऱ्या’, ‘लाल’ आणि ‘शाळा’ हे शब्द बघते. ‘ऱ्या’मधला र नीट जोडला न जाता त्याखाली टिंब आणि पायमोडका दिसला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर दोष फॉन्टचाच असेल असं नाही. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि फाइलमध्ये भाषा `mr` लिहिलेली असेल तरच पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दिसतात. प्रकाशकाने तिथे `hi` ठेवलं की मराठी कादंबरी हिंदी ल-श घेऊन येते. अ‍ॅप बाहेरचा फॉन्ट घेऊ देत असेल तर टायरो देवनागरी मराठी घालून बघावा. तो फुकट मिळतो आणि मराठी वळणाचाच आहे.

3. पानाचा आकडा दुसऱ्याला सांगू नये

आई फोनवर म्हणते, “मी एकशेचाळीसावर आहे.” माझ्याकडे तोच मजकूर सत्तरीत असतो. अक्षर बदललं की पानं बदलतात, मग अ‍ॅप जागा कशी लक्षात ठेवतं? ईपबमध्ये त्यासाठी ठरलेली एक पद्धत आहे, तिच्यात पत्ता असा लिहितात:

```
epubcfi(/6/14!/4/20/1:45)
```

यात घटकांना सम आकडे देतात: पहिला 2, दुसरा 4. म्हणजे 14 ही वाचनक्रमातली सातवी फाइल, बहुधा एखादं प्रकरण. उद्गारचिन्हानंतर त्या फाइलच्या आत शिरायचं: 4 म्हणजे मुख्य मजकूर, 20 म्हणजे त्यातला दहावा परिच्छेद, आणि 45 म्हणजे त्यात 45 अक्षरचिन्हं ओलांडून पुढे. मात्रा, वेलांट्या इथे सुट्या मोजल्या जातात. यात स्क्रीन किंवा फॉन्ट कुठेच नाही, म्हणून माझ्या फोनवरची जागा टॅबवर बरोबर सापडते. मात्र प्रकाशकाने सुधारित प्रत काढून सुरुवातीला नवी प्रस्तावना घातली, तर सातवी फाइल आठवी होते आणि जुनी खूण शेजारच्या प्रकरणात जाऊन बसू शकते.

आईला आता मी प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले दोन शब्द विचारते.

4. सिंक खात्याचं असतं, माणसाचं नाही

घाटात कर्जत ते लोणावळा बोगद्यांमुळे रेंज येते-जाते. तिथे वाचलेलं फोनमध्येच राहतं. स्टेशनवर उतरताना अ‍ॅप बंद करून टाकलं तर टॅबला त्याचा पत्ता नसतो. म्हणून रेंज आल्यावर अ‍ॅप पुन्हा उघडून एक-दोन पानं उलटावीत आणि मगच फोन खिशात टाकावा. टॅबवर पुस्तक उघडल्यावरही लगेच पान उलटू नये, जागा जुळेपर्यंत थांबावं.

यापेक्षा मोठा घोळ आईकडे झाला. पुस्तक माझ्या खात्यावर घेतलेलं, आणि तेच खातं तिच्या टॅबवरही. एक दिवस तिचा फोन, “अगं, माझं पुस्तक आपोआप पुढे पळालंय. तिसऱ्या प्रकरणात होते, आता नायिका म्हातारी झालीय!” मी आदल्या रात्री शेवटाकडे पोचले होते. अ‍ॅपने तिला विचारलं होतं, सर्वांत पुढच्या वाचलेल्या जागी जायचं का? तिने सवयीने ‘हो’ केलं. अ‍ॅपच्या लेखी एका खात्याचा एकच वाचक. त्याला दोन जागांपैकी पुढची खरी वाटते.

असंच एकट्या माणसाचंही होतं. शेवटची टिपणं बघायला 95 टक्क्यांवर उडी मारली की काही अ‍ॅप तीच पुढची जागा धरतात आणि दुसऱ्या उपकरणावर सारखी तिकडेच ओढतात. किंडलमध्ये खात्याच्या वेबपानावर त्या पुस्तकापुढे ही पुढची जागा पुसायची सोय आहे. आईच्या टॅबवर मी सिंक बंदच केलं. तिला दुसरं उपकरण नाही, तिला त्याचा उपयोगही नव्हता.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल फोनवर वेगळी, टॅबवर वेगळी उतरवली तर सहसा काहीच जुळत नाही, ती अ‍ॅपच्या दृष्टीने दोन पुस्तकं. तीच ईपब एकदाच गूगल प्ले बुक्समध्ये अपलोड केली किंवा ‘सेंड टू किंडल’ने पाठवली, आणि दोन्हीकडे तिथूनच उघडली, तर जागा आणि खुणा सोबत येतात.

5. बुकमार्कऐवजी दोन शब्द रंगवावेत

बुकमार्क सहसा स्क्रीनवरच्या पहिल्या शब्दाला चिकटतो, आपल्याला हव्या असलेल्या ओळीला नाही. फोनवर ती ओळ शेवटी असेल आणि टॅबवर आईसारखं मोठं अक्षर असेल, तर बुकमार्कवरून गेल्यावर ओळ दिसतच नाही, ती पुढच्या पानावर गेलेली असते. दोन शब्द हायलाइट केले की खूण त्या शब्दांनाच बसते. बुकमार्क मी फक्त नकाशा, वंशावळ आणि पात्रांची यादी यांच्यासाठी ठेवते.