फोटो चढताना सामना का अडतो?

घरी सामना पाहताना चित्र वारंवार थांबू लागले की डाउनलोडच्या वेगाला बोल लावला जातो. परंतु अनुभव असा की कित्येकदा खोळंबा उलट दिशेला, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या अपलोडच्या वाटेवर झालेला असतो, आणि त्यामागे फोनमधील फोटो दूरच्या सर्व्हरवर आपोआप साठवणारा क्लाउड बॅकअप असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

नुसते पाहण्यासाठी अपलोड कशाला लागते, हा प्रश्न रास्त आहे. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो, आणि प्रत्येक तुकड्याची मागणी व मिळालेल्या माहितीची पोचपावती अपलोडच्याच वाटेने परत जाते. ती रेंगाळली की पाठवणारा सर्व्हरही हात आखडता घेतो.

एका घरातील जोडणी 100 मेगाबिट डाउनलोडची, पण अवघ्या 5 मेगाबिट अपलोडची होती. लग्नाहून परतल्यावर एका फोनमधील प्रत्येकी 4 मेगाबाइटचे 400 फोटो चढू लागले, ज्यांना पूर्ण वेगानेही सुमारे 43 मिनिटे लागतात. मोडेम जास्तीची माहिती टाकून न देता रांगेत धरून ठेवतो, आणि ही रांग 1 मेगाबाइटची झाली तरी तिच्या शेपटाला लागलेली चिमुकली पोचपावती 1.6 सेकंद अडकते. या अवस्थेला बफरब्लोट म्हणतात. त्या घराने 200 मेगाबिटचा प्लॅन घेतला, अपलोड मात्र तेवढेच राहिले. पैसे गेले, सामना अडतच राहिला.

तपासणीसाठी सर्व फोनांचे बॅकअप थांबवून, संगणक केबलने राउटरला जोडून विंडोजमध्ये पुढील आज्ञा द्यावी, जी संदेश जाऊन उत्तर येण्याचा काळ मिलिसेकंदांत दाखवत राहते.

```
ping -t 8.8.8.8
```

मिनिटभर आकडे पाहून बॅकअप सुरू करावा. 20च्या आसपासचा आकडा काही सेकंदांत हजारापुढे गेला आणि बॅकअप थांबवताच खाली आला, तर दोषी सापडला. योगायोग वगळण्यासाठी हे तीनदा करावे. केबल नसल्यास आधी राउटरच्याच पत्त्यावर, बहुधा `192.168.1.1` वर, हीच तपासणी करावी, कारण तेथेही आकडा चढत असेल तर गर्दी वाय-फायमध्ये आहे.

बॅकअप रात्री उरकणे हा सोपा उपाय. पक्का उपाय राउटरमधील SQM ही सोय, जी प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देते. तिची अपलोड-मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवावी लागते, अन्यथा रांग पुन्हा मोडेममध्ये साचते. त्या घरात ती 4.5 मेगाबिट ठेवल्यावर तेवढेच फोटो चढायला 43ऐवजी सुमारे 47 मिनिटे लागली, आणि सामना अडला नाही.