कपाळ मोठं, भुवयांचं हाड पुढे : फेड मारायचा की टेपर?



सलून टाकायचं ठरवलेल्यांसाठीच्या मागच्या व्हिडिओत मी मशीन आणि गार्डचे नंबर दाखवले होते. आज त्याच्या पुढची गोष्ट. मशीन हातात आलं की प्रत्येक डोक्यावर फेड मारावासा वाटतो, आणि नेमकं तिथेच गिऱ्हाईक हातचं जातं.

आमच्याकडे शिकलेल्या एका मुलाने बोईसरला नवापूर रोडच्या बाजूला दोन खुर्च्यांचं सलून सुरू केलं. गिऱ्हाईक बहुतेक तारापूर एमआयडीसीतले, शिफ्ट सुटली की येणारे. एका शुक्रवारी साधारण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक जण आला. रविवारी मुलगी बघायला जायचं होतं. मोबाईलवर फोटो दाखवला: हाय स्किन फेड, वरचे केस जेल लावून मागे ओढलेले. मुलाने फोटोबरहुकूम कट मारला. कामात खोट काढायला जागा नव्हती, एकही रेघ दिसत नव्हती. पण गिऱ्हाईक आरशात बघून गप्प बसलं आणि म्हणालं, "दादा, माझं कपाळ एवढं पुढे कधी आलं?" पैसे दिले, पण बोलला नाही. मुलाने मला रात्री फोटो पाठवले. चूक हाताची नव्हती, बघण्याची होती.

त्या माणसाच्या भुवयांवरचं हाड पुढे आलेलं होतं आणि तिथून कपाळ मागे उतरत गेलं होतं. समोरून हे चटकन कळत नाही. त्यामुळे पहिली सवय ही लावून घ्या: केसांवर पाणी मारण्याआधी, केस कोरडे असतानाच, गिऱ्हाइकाला खुर्चीत वळवून बाजूने बघा. भुवईच्या वर उंचवटा आहे का? तिथून कपाळ सरळ वर जातं की मागे झुकतं? मग समोरून कंगवा उभा धरा. केस सुरू होतात तिथपासून भुवयांच्या मधोमध किती अंतर आहे ते बोटाने पकडा आणि तेच अंतर भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत लावून बघा. जवळपास सारखं भरलं तर कपाळ बेताचं. कपाळाचं माप सरळ सरळ जास्त भरलं तर कपाळ मोठं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बरेच जण ते एकच समजतात. कपाळ नुसतं उंच असेल आणि सपाट असेल, तर पुढचे केस थोडे कपाळावर सोडले की काम झालं. कपाळाच्या अर्ध्यापर्यंत येतील असे, टोकं विस्कटलेली. पण भुवयांचं हाड जड असेल तर हाच उपाय उलटतो. भुवयांच्या जरा वर सरळ कापलेली झालर म्हणजे आडव्या रेषेवर दुसरी आडवी रेषा. सलूनमध्ये दिवा बहुतेक डोक्यावरच असतो, त्यामुळे डोळ्यांवर आधीच सावली पडते. झालर ती आणखी गडद करते आणि माणूस रागावल्यासारखा दिसतो. अशा चेहऱ्याला केस खाली नाही, वर आणि थोडे बाजूला हवेत.

मग हाय फेडने नेमकं काय बिघडलं? फेडमध्ये केस खाली जाता जाता कातडीपर्यंत संपतात. हाय फेड म्हणजे ते संपणं कानशिलाच्याही वर चढतं. कानशिलावरचे केस ही कपाळाची चौकट असते. ती काढली की कपाळाची कातडी आणि बाजूची कातडी एक होते, कपाळ कानापर्यंत पसरल्यासारखं वाटतं. वरून केस मागे ओढले, म्हणजे कपाळाचा जो उतार होता तोच केसांनी पुढे चालवला. एकच तिरकी रेषा, आणि तिच्या टोकाला भुवया.

टेपरमध्ये केस हळूहळू कमी होतात, पण फक्त कल्ल्यांच्या टोकाला, कानाभोवती आणि मानेवर. कानशील भरलेलं राहतं. म्हणून इथे लो टेपर. माझा साधा नियम: भुवईची शेपटी जिथे संपते, त्या उंचीच्या वर कातडी दिसू द्यायची नाही.

तीन आठवड्यांनी तो माणूस परत आला (येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं). तेव्हा कट असा केला. बाजूंना आधी ४ नंबर गार्ड, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर, डोकं वळायला लागतं तिथपर्यंतच. कानाच्या वर दोन बोटं ३ नंबर, त्याच्या खाली एक बोट २ नंबर. कल्ल्यांच्या शेवटच्या अर्ध्या इंचातच गार्ड काढला आणि लिव्हर उघडी ठेवून सुरुवात केली. दोन नंबरांमध्ये रेघ राहिली तर खालच्या नंबरचं गार्ड वर चढवू नका. लिव्हर अर्धी उघडून मनगट बाहेर काढत ती रेघ घालवा, नाहीतर लो टेपर चढत चढत मिड फेड कधी होतो कळतही नाही. कानशिलापाशी मशीन बंद, कंगव्यावर कात्री. हाय फेडमुळे तिथे केस अजून आखूडच होते, त्यामुळे पहिल्या वेळी टोकांना फक्त हात लावला.

वरच्या केसांची लांबी पुढे अडीच इंच, टाळूकडे दीड इंच. पुढची लांबी कपाळाच्या उतारावरची मोकळी जागा भरते, म्हणून ती लागतेच. ओले केस लांब दिसतात, वळणदार असतील तर वाळल्यावर आखडतात, म्हणून ओल्यात अर्धा इंच जास्त ठेवा आणि वाळवून मग शेवटचा हात फिरवा. ड्रायर आधी मुळातून पुढे, नंतर वर आणि एका बाजूला. केस सरळ मागे न्यायचे नाहीत. डोक्याच्या मागचा उंचवटाही फार खाली छाटू नका. मागे थोडा भार असला की बाजूने पुढचं हाड एकटं उठून दिसत नाही.

आणि ट्रिमरने कपाळाची लाइन काढायचा मोह टाळा. गिऱ्हाईक स्वतः मागतं, तरी सांगा. सरळ रेषेसाठी केस दोन-तीन मिलिमीटर मागे घेतले की कपाळ तेवढं वाढलं, आणि चार दिवसांत खुंट दिसायला लागतात.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे सेफ्टी हेल्मेट आणि समुद्राकडचा दमटपणा. आठ तास हेल्मेटखाली केस चपटे होणारच. म्हणून अडीच इंचाच्या वर जाऊ नका, जास्त लांब केस स्वतःच्या वजनानेच पडतात. जेलऐवजी वाटाण्याएवढं मॅट वॅक्स सुचवा, आणि हेल्मेट काढल्यावर ओली बोटं मुळातून वर कशी फिरवायची ते खुर्चीतच करून दाखवा.

हे सगळ्यांना बसत नाही. केस फार विरळ असतील तर वरची उंची टिकत नाही. कानशिलाचे कोपरे बरेच मागे गेले असतील तर बाजूला घेतलेले केस फुटून टाळू दिसतो. तिथे वरची लांबी इंचभरच बरी. चेहरा गोल आणि रुंद असेल तर लो टेपरने बाजू फुगीर दिसतात. मग मिड टेपर घ्या, पण भुवईच्या शेपटीचा नियम तोच.

भाव ठरवताना एवढं बघा. स्किन फेड दोन आठवड्यांत विरतो, लो टेपर महिनाभर बरा दिसतो. म्हणजे टेपरवालं गिऱ्हाईक कमी वेळा येणार, आणि कंगवा-कात्रीत वेळ जास्त जाणार. तो मुलगा आता टेपरचे फेडइतकेच पैसे घेतो आणि मध्ये पंधरा दिवसांनी फक्त कल्ले-मान साफ करायचे वेगळे, कमी. मुलगी बघायला गेलेला तो माणूस आता त्यासाठी येतो.

पुढच्या व्हिडिओत कंगव्यावर कात्री, कॅमेरा बाजूने लावून दाखवतो.